सोनोग्राफीत पायलोरसचा स्नायू ४.२ मिमी आला, आता पुढे काय?

प्रश्न: आमचा मुलगा ५ आठवड्यांचा आहे. दूध पाजलं की अर्ध्या तासात फवारा मारावा तशी उलटी करतो आणि लगेच परत भुकेने रडतो. आज सोनोग्राफीत पायलोरिक स्टेनोसिस सांगितलंय, स्नायूची जाडी ४.२ मिमी आणि लांबी १९ मिमी. ४.२ म्हणजे फार जास्त आहे का? ऑपरेशन आज रात्रीच करावं लागेल का?

उत्तर: मी रेडिओलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम, म्हणून आकड्यापासूनच सुरुवात करतो.

जठरातून दूध पुढे आतड्यात जातं त्या दारावर स्नायूचं एक कडं असतं, तो पायलोरस. तुमच्या मुलाच्या वयात हा स्नायू साधारण १ ते २ मिमी जाड असतो. ३ मिमी किंवा त्याहून जास्त भरला आणि नळीची लांबीही १५-१६ मिमीच्या पुढे गेली की आम्ही निदान नक्की धरतो. त्यामुळे ४.२ आणि १९ यात शंकेला जागा नाही. पण हा आकडा तापासारखा वाचू नका. ४.२ वालं बाळ ३.४ वाल्या बाळापेक्षा जास्त आजारी असतं असं अजिबात नाही. दार बंद आहे की नाही, एवढंच तो सांगतो. दोन्ही बाळांचं ऑपरेशन तेच, आणि बरं होणंही तसंच.

ही जाडी एकाच बाजूच्या भिंतीची असते. आडव्या छेदात पायलोरस मेदूवड्यासारखा दिसतो: बाहेर काळसर कडं, आत पांढुरका भाग. काळं कडं म्हणजे स्नायू, पांढुरकं म्हणजे आतलं नाजूक अस्तर. मोजायचं फक्त काळं. प्रोब जरा तिरका पडला तर छेदही तिरका जातो आणि चांगला स्नायूसुद्धा जाड दिसतो. नवखा असताना मी स्वतः एकदा असा ३.२ मोजला होता. वरिष्ठांनी बाळाला उजव्या कुशीवर वळवलं, प्रोब सरळ केला आणि तोच स्नायू १.८ भरला. तेव्हापासून मी एका मापावर विसंबत नाही, थोडं पाणी किंवा दूध पाजून बघत बसतो. जठर जोर लावतंय, लाटेमागून लाट दाराशी येते आणि परत फिरते, पलीकडे थेंब जात नाही. हे दहा मिनिटं डोळ्यांनी पाहिलं की मग मिलिमीटरचा वाद उरत नाही.

अडचण येते ती २ ते ३ मिमीच्या मधल्या बाळांची. असंच एक बाळ आठवतं, ते पण ५ आठवड्यांचं, घरातलं पहिलं. (हा आजार मुलग्यांत मुलींच्या कितीतरी पट जास्त दिसतो आणि पहिलटकरणीच्या बाळात जरा अधिक.) तिसऱ्या आठवड्यात वजन ३.७ किलो होतं, आमच्याकडे आलं तेव्हा ३.५. आजी म्हणाली, लहान मुलं दूध काढतातच, त्यात काय एवढं. दूध काढणारी बाळं वजनाने वाढत असतात. हे घटत होतं. पहिल्या दिवशी स्नायू २.७ मिमी आला, आणि बघता बघता दार एकदा थोडं उघडलंही. नुसता आवळ असेल तर तो सुटतो, म्हणून रिपोर्टमध्ये मी 'दोन दिवसांनी पुन्हा तपासा' असं लिहिलं. दोन दिवसांनी तोच स्नायू ३.८ होता, लांबी १८, आणि १५ मिनिटांत काहीच पुढे सरकलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रात्रीच ऑपरेशन बहुधा होणार नाही, आणि न होणंच बरं. कारण ऑपरेशनची वेळ सोनोग्राफी ठरवत नाही, रक्ताचा रिपोर्ट ठरवतो. प्रत्येक उलटीबरोबर जठरातलं आम्ल, म्हणजे हायड्रोजन आणि क्लोराइड, बाहेर जातं. पाणी कमी होतं, रक्त अल्कधर्मी होतं, आणि ते सावरताना मूत्रपिंड पोटॅशियम घालवून बसतं. वर सांगितलेल्या त्या बाळाचं क्लोराइड ८६ पर्यंत घसरलं होतं, रक्तातला अल्कधर्मी भाग म्हणजे बायकार्बोनेट ३४ पर्यंत चढलं होतं, आणि पोटॅशियमही कमी, ३.१. अशा रक्तात मेंदूकडून श्वासाचा हुकूम मंद येतो. त्यावर भूल दिली तर ऑपरेशन नीट होऊनही नंतर बाळ मध्येच श्वास थांबवू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञ 'आधी रक्त सुधारा' म्हणून अडून बसतात, आणि ते बरोबरच असतं.

तेव्हा आधी सलाईन. त्यात मीठ आणि साखर असते, आणि बाळाने शू केली की पोटॅशियम मिसळतात. तोंडाने दूध बंद. हे आईला फार जड जातं, कारण बाळ भुकेने आकांत करतं. दूध सुकू नये म्हणून तोवर पिळून काढत राहा. ते साठवताही येतं. किती ओले लंगोट झाले याचा हिशोब नर्स ठेवतीलच, तुम्हीही लक्ष ठेवा. क्लोराइड १०० च्या आसपास आणि बायकार्बोनेट ३० च्या बरंच खाली आलं की तारीख मिळते. कुणाला १२ तास लागतात, कुणाला दोन दिवस. त्या बाळाला साधारण ३० तास लागले.

ऑपरेशनचं नाव रॅमस्टेड्ट पायलोरोमायोटॉमी, १९१२ पासून मूळ पद्धत तीच आहे. स्नायू काढत नाहीत. त्याला लांबीच्या दिशेने चीर देऊन दोन्ही कडा फाकवतात, म्हणजे आतलं अस्तर मोकळं होऊन वर फुगतं. बेंबीजवळच्या छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीतून, साधारण अर्धा-पाऊण तास. अस्तराला भोक पडणं आणि चीर अपुरी राहणं या दोन गोष्टींची भीती असते. दोन्ही क्वचित होतात. भोक पडलंच तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतं आणि शिवता येतं.

नंतर काही तासांत दूध सुरू होतं, आणि पहिल्या दिवशी एखाद-दुसरी उलटी होतेच. घाबरून 'ऑपरेशन फसलं' असं समजू नका. जठर सुजलेलं असतं. त्या बाळाने दोनदा ओकलं आणि तिसऱ्या वेळेला सगळं पचवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी गेलं. उलट्या चार-पाच दिवसांनंतरही तशाच जोरात चालू राहिल्या तर मात्र सर्जनना दाखवा. आणि लगेच परत सोनोग्राफी करून स्नायू मोजायला लावू नका. चीर दिलेला स्नायू काही आठवडे जाडच दिसतो. दूध मात्र पुढे जात असतं. माप बघून उगाच झोप उडेल.

एक गोष्ट आज रात्रीसाठी. या आजारात उलटी दुधाची किंवा दह्यासारखी असते, कारण अडथळा पित्त मिसळण्याच्या आधीच असतो. उलटी हिरवी झाली तर हे वेगळंच प्रकरण आहे, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता ताबडतोब ड्यूटीवरच्या डॉक्टरांना त्या उलटीने भिजलेला कपडाच नेऊन दाखवा.