ताऱ्यांची इंग्रजी नावं मुळात अरबी आहेत म्हणतात. मग आपली मराठी नावं जुनी आहेत की नंतर भाषांतर केलेली? मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हवं आहे.

दोन्ही आहेत. रोहिणी, कृत्तिका, चित्रा, स्वाती, व्याध, अगस्त्य, अभिजित ही नावं आपली आणि चांगली जुनी. काक्षी, मीनास्य, अग्रनद ही नावं बाहेरच्या नावांवर बेतलेली. प्रकल्पापुरतं एवढं पुरेल. पण प्रश्न वाचून माझी जुनी जखम उघडी पडली, म्हणून पुढचं लिहितो.

फेब्रुवारी २०२०. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, शनिवार. कर्जतच्या बाजूला एका शेतघराच्या गच्चीवर आकाशदर्शन होतं. कोणत्या मंडळाचं ते सांगत नाही. साठेक माणसं, त्यातली अर्धी शाळकरी पोरं, आणि मी दुर्बिणीपाशी स्वयंसेवक. त्या हिवाळ्यात मृगातला तो लालसर तारा, बीटलज्यूस, मंद पडला होता. प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. एरवी तो साधारण ०.५ प्रतीचा असतो, तो १.६ पर्यंत उतरला होता. म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सएवढाच. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत होता, त्यामुळे पोरं खूश होती.

एका मुलीने विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात?" मंडळातले एक ज्येष्ठ काका, हातात हिरवा लेझर, म्हणाले, "काक्षी. आणि खालचा निळसर तो राजन्य. या राजन्यचंच पुढे रायगेल झालं. अरब व्यापारी आपल्याकडून नावं घेऊन गेले, अरबांकडून इंग्रजांनी घेतली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, ते उलटं आहे." आणि तिथेच पोरांसमोर सगळं सांगायला लागलो. चूक झाली, मान्य. पुढच्या महिन्यापासून मला निरोप येणं बंद झालं. नंतर टाळेबंदी लागली तेव्हा कार्यक्रमच बंद पडले ते वेगळं, पण निरोप त्याआधीच थांबला होता.

मला हे कळलं ते पुस्तकातून नव्हे. मी नऊ वर्षं मस्कतला नोकरीला होतो, पाइपलाइनच्या कामावर. तिथला एक ओमानी सहकारी उत्तम हिंदी बोलायचा. एकदा साइटवर गाडी बंद पडली आणि मदत येईपर्यंत आम्ही दोघं वाळवंटात बसून राहिलो. समोर मृग उगवलेला. मी सहज म्हटलं, "वो रायगेल." तो हसला. म्हणाला, "रिज्ल. पैर." आणि स्वतःच्या पायावर हात मारून दाखवला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिज्ल हा अरबीतला रोजच्या बोलण्यातला शब्द. पाय दुखतो म्हणायचं तरी हाच शब्द. ताऱ्याचं पूर्ण नाव 'रिज्ल अल-जौझा', म्हणजे जौझाचा पाय. जौझा ही जुन्या अरबांची आकाशातली एक स्त्री, मृगाच्या ताऱ्यांत उभी असलेली. आणि तारा आहे कुठे? बरोबर पायापाशी. आता काकांचं खरं मानायचं तर राजन्य हा शब्द अरबस्तानात गेला, योगायोगाने त्याचा उच्चार 'पाय' या अर्थाच्या शब्दासारखा झाला, आणि योगायोगाने तो तारा पायाशीच निघाला. राजन्य म्हणजे क्षत्रिय. त्यात पाय कुठून आला? उलट बाजूने सगळं सरळ आहे: कुणीतरी 'रायगेल' ऐकून जवळचा, भारदस्त संस्कृत शब्द शोधला. नाव छान आहे, मी स्वतः वापरतो. फक्त ते अरबांना आपण दिलं असं सांगू नये.

मग मी वरच्या लाल ताऱ्याबद्दल विचारलं. बीटलज्यूस हा शब्द त्याला ओळखीचाच वाटेना. जौझा म्हटलं तर तो म्हणाला, ती तर मिथुन रास, पेपरात भविष्य येतं ना त्यातली. (खरंच, हे नाव नंतर मिथुनेकडे सरकलं आणि आजच्या अरबीत तिथेच आहे.) मी पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. त्यावर इंग्रजी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं की या नावाचा अर्थ 'जौझाची काख'. तो म्हणाला, काखेला इब्त म्हणतात, यात इब्त कुठे आहे? मलाही सांगता आलं नाही.

उत्तर मला पुढे पाउल कुनिच या जर्मन अभ्यासकाच्या कामातून मिळालं. अरबी तारानावं युरोपात कशी पोचली हे शोधण्यात या माणसाने आयुष्य घातलं. मूळ नाव 'यद अल-जौझा', म्हणजे जौझाचा हात. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीला 'य' आणि 'ब' यांचा आकार एकच असतो, एक छोटा दात. खाली दोन ठिपके असतील तर य, एक असेल तर ब. मध्ययुगात अरबीतून लॅटिनमध्ये उतरवताना दोनाच्या जागी एक ठिपका वाचला गेला आणि 'यद'चं 'बद' झालं. पुढे शेकडो वर्षांनी युरोपातले पंडित या 'बद'चा अर्थ शोधायला बसले. बद म्हणजे काहीच नाही. मग त्यांनी ठरवलं की मूळ शब्द 'बत' असणार, आणि बत म्हणजे काख. अरबीत काखेला असा शब्दच नाही, पण तारा खांद्यापाशी आहे, तेव्हा पटण्यासारखं होतं. तेच इंग्रजी पुस्तकांत छापलं गेलं आणि छापलं जात राहिलं.

आता मराठी नाव पुन्हा वाचा. काक्षी. संस्कृतात कक्ष म्हणजे काख. आपला मराठीतला 'काख' हा शब्दही तिथूनच आला. हे नाव कुणा ऋषीने ठेवलेलं नाही. ज्याने ठेवलं त्याच्यासमोर इंग्रजी पुस्तक उघडं होतं आणि त्यात 'काख' लिहिलेलं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे एका लेखनिकाने एक ठिपका कमी वाचला, आणि आज कर्जतच्या गच्चीवर आपण पोरांना जौझाची काख दाखवतो. तीही आपली प्राचीन परंपरा म्हणून!

भाषांतर करण्यात कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. मीनास्य घ्या. अरबीत 'फम अल-हूत', माशाचं तोंड. मीन अधिक आस्य, तेही माशाचं तोंड. चोख काम आहे. आणि हे आजकालचंही नाही. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० साली 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो अॅस्ट्रोलेब या ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्रावर आहे आणि त्यात यंत्रावर लावायच्या बत्तीस ताऱ्यांची यादी आहे. परकीय नावांचा अर्थ घेऊन संस्कृतात नाव पाडायची पद्धत तेव्हापासूनची. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. आपल्यालाच वाटतं.

त्या रात्री मी खरं तर काकांना श्रवण दाखवणार होतो, पण फेब्रुवारीत संध्याकाळी तो दिसत नाही. गणपतीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास वर बघा. एक ठळक तारा आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक, जवळजवळ एका रेषेत. आपल्याकडे ही श्रावणबाळाची कावड: मधे श्रावण, दोन्हीकडे आईबाप. अरबांना तिथे पंख पसरून उडणारं गिधाड दिसलं, 'अन-नस्र अत-ताइर'. त्यातल्या 'ताइर'चं अल्टेअर झालं. जवळचा अभिजित म्हणजे त्यांचं पंख मिटून खाली झेपावणारं गिधाड, 'अल-वाकी', त्याचं व्हेगा. आणि इराणी लोकांना श्रवणाच्या त्याच तीन ताऱ्यांत तागडीची दांडी दिसली, 'शाहीन-ए-तराझू'. त्या नावाचे दोन तुकडे होऊन बाजूच्या दोन ताऱ्यांना मिळाले: एक अलशाईन, दुसरा ताराझेद. तराझू म्हणजे आपला तराजूच. भाजीवाल्याच्या हातातला. कावड आणि तराजू यांत फरक तो काय, मधे आधार आणि दोन्ही टोकांना ओझं. कुणी कुणाचं चोरलेलं नाही, तीन ठिपके एका रेषेत दिसले की माणसाला हेच सुचतं.

तुमच्या मुलीसाठी: नाव सत्तावीस नक्षत्रांच्या यादीत किंवा पुराणातल्या ऋषींत असेल तर जुनं धरा. अर्थ अरबी नावाशी तंतोतंत जुळत असेल तर भाषांतर. उच्चारच जुळत असेल आणि अर्थ नाही, तर कुणीतरी कानाने जुळवलेलं. अग्रनदात दोन्ही आहे: 'आखिर अन-नहर' म्हणजे नदीचं टोक, त्यावरून अखरनार, आणि आपला अग्रनद अर्थालाही जवळ, कानालाही. शर्मिष्ठा, देवयानी, ययाति, वृषपर्वा हा चौथा प्रकार. ग्रीक कुटुंबाच्या जागी महाभारतातलं कुटुंब बसवलंय, पण नाती जुळत नाहीत. ग्रीकांकडे अँड्रोमेडा ही सेफियसची मुलगी. आपल्याकडे तिच्या जागी देवयानी आणि सेफियसच्या जागी वृषपर्वा, पण देवयानी शुक्राचार्यांची. वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा, आणि तिला बसवलंय कॅसिओपियाच्या, म्हणजे आईच्या जागी.

दोन गोष्टी काकांच्या बाजूने सांगायला हव्यात. आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताचं ज्योतिष बगदादला गेलं, अरबीत उतरलं, हे खरं आहे. गणित गेलं, रायगेल नाही. दुसरं, पुष्कळ जण बीटलज्यूसलाच आर्द्रा नक्षत्राचा तारा मानतात. तसं असेल तर त्याला आपलं जुनं नाव आहेच आणि काक्षीची गरजच नाही. पण सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात आर्द्रा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या, नऊ अंश दक्षिणेला सांगितली आहे आणि हा तारा सोळा अंशांवर आहे, त्यामुळे मी त्या बाजूला पूर्ण जात नाही.

प्रकल्पात काक्षीच लिहा, सगळीकडे तेच चालतं. फक्त शेजारी कंसात 'मूळ अरबी: हात' असं लिहायला सांगा. बाईंनी 'काख' अशी दुरुस्ती केली तर दोन ठिपके काढून दाखवायचे. माझ्या त्या ओमानी मित्राने नंतर एका चलानाच्या पाठीवर मला 'यद' आणि 'बद' शेजारीशेजारी लिहून दिलं होतं. ते अजून आहे माझ्याकडे. हवं असेल तर फोटो टाकतो, पाठीचाच, कारण पुढे सगळी व्हॉल्व्हची यादी आहे.