जांभ्याखालची माती आणि प्रेशर बल्ब

गोव्यात पाया खणताना कुदळ जांभ्यावर खणकन वाजली, की नवशिक्या अभियंत्याला हायसे वाटते. पण तुम्ही त्या थराखाली काय आहे ते आधी पाहा, कारण तिथे पुष्कळदा मऊ चिकणमाती असते. समजा, एका खांबाच्या 2 मीटर चौरस फूटिंगखाली 150 किलोपास्कल दाब आहे. बूसिनेस्कच्या सूत्राप्रमाणे मध्याखाली 2 मीटर खोलीवर त्याचा सुमारे एक तृतीयांश आणि 4 मीटरवर जेमतेम 11 टक्के, म्हणजे 16 किलोपास्कल उरतो. पायाचा दाब जमिनीत जिथवर जाणवतो त्या भागाला प्रेशर बल्ब म्हणतात; मूळ दाबाच्या दहा टक्के उरतो तिथला समदाब-वक्र म्हणजेच व्यवहारात त्याची सीमा, आणि ती रुंदीच्या साधारण दुप्पट खोल जाते.

खरी गफलत पुढे होते. सुट्या फूटिंगऐवजी सगळ्या खांबांखाली मिळून एकच 10 मीटर चौरस राफ्ट घातला, तर दाब 50 किलोपास्कलवर येऊनही त्याच 4 मीटर खोलीवर तो सुमारे 40 किलोपास्कल भरतो, आणि चिकणमाती तिथेच असेल तर राफ्ट अधिक खचेल. म्हणून 30 सेंटीमीटरच्या प्लेटवरील चाचणीचा निकाल पाहून समाधान मानू नका. तिचा बल्ब जेमतेम 60 सेंटीमीटर उतरतो, त्यामुळे ती फक्त जांभाच तपासते. बोअर पायाच्या तळापासून रुंदीच्या निदान दुप्पट खोल घ्या.