नेव्ही ब्लेझर मरून करायचा, पण बटणं, लॅपल आणि शिलाई तशीच ठेवून

प्रश्न: भावाच्या रिसेप्शनच्या फोटोत त्याचा ब्लेझर नेव्ही ब्लू आहे, वहिनीच्या शालूला मॅच होईल असा मरून करायचाय. पण पितळी बटणं, लॅपल आणि कडेची पांढरी शिलाई आहे तशीच राहिली पाहिजे. फोटोशॉपमध्ये Hue फिरवला की बटणं, शर्ट सगळंच बदलतंय. कसं करायचं?

सांगलीत लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग करतो, सीझनमध्ये ही फर्माईश ठरलेली असते. नवरीचा शालू आधीच घेतलेला असतो, नवरदेवाचा ब्लेझर शेवटच्या आठवड्यात शिवून येतो आणि मग अल्बम बघताना घरच्यांना वाटतं की मॅचिंग नाही झालं.

तुमचं काम तसं सोपं आहे, कारण नेव्ही आणि मरून दोन्ही जवळपास सारखेच गडद. हे नुसतं डोळ्याने नाही, आकड्याने बघा. ब्लेझरवर मध्यम उजेडातली जागा आयड्रॉपरने टिपली तर साधारण R 34, G 42, B 70 असं काहीतरी येईल. फोटोशॉप उजेड मोजताना लाल 30 टक्के, हिरवा 59 टक्के आणि निळा 11 टक्के धरतं, म्हणजे या नेव्हीचा उजेड येतो 43 च्या आसपास. आता मरून घ्या R 88, G 24, B 36, त्याचा येतो 44-45. म्हणजे उजेडाला हातच लावायचा नाही, फक्त रंग बदलायचा. आणि लॅपलची घडी, खिशाची कड, बाहीच्या चुण्या हे सगळं तुम्हाला दिसतं ते उजेड-सावलीमुळे, रंगामुळे नाही. उजेड जागच्या जागी राहिला की शिवणकाम आपोआप राहतं.

म्हणून Hue/Saturation सोडा, Solid Color ची लेयर घ्या, त्यात वरचा मरून भरा आणि लेयरचा ब्लेंड मोड Color करा. Hue/Saturation सुद्धा चालतं (नेव्हीवरून मरूनवर यायला Hue साधारण +122 आणि Saturation थोडं वर), पण हॉलमधल्या कमी उजेडात काढलेल्या जेपीजीमध्ये गडद कापडावर रंगाचे बारीक ठिपके असतात, काही निळे, काही जांभळट, काही हिरवट, आणि Hue फिरवला की ते सगळे ठिपके पण फिरतात आणि कापड डागाळल्यासारखं दिसतं. Color मोडमध्ये सगळ्यावर एकच रंग बसतो म्हणून ते ठिपके दबतात. चेक्सचं किंवा ट्वीडचं कापड असतं तर मात्र मी उलटं सांगितलं असतं, कारण तिथे कापडातच दोन-तीन रंगांचे धागे असतात आणि Color मोड त्यांना एकाच रंगात बुडवून टाकतो.

आता मास्क. ऑटो सिलेक्शनच्या नादाला फार लागू नका, गडद ब्लेझर आणि मागचा गडद पडदा यातली कड त्याला नीट कळत नाही. पेन टूलने बाहेरची कड काढा, कडेपासून अर्धा-एक पिक्सेल आत राहा, Ctrl+Enter ने सिलेक्शन करा, फेदर 0.5 ते 1 च्या आत. मग एक ग्रुप करा आणि हा मास्क ग्रुपला लावा, लेयरला नाही. म्हणजे आत कितीही लेयर टाकल्या तरी ब्लेझरच्या बाहेर काही सांडणार नाही.

लॅपलचं तुम्ही लिहिलंय "तशीच राहिली पाहिजे", पण त्याचे दोन अर्थ होतात आणि ते घरच्यांना आधी विचारून घ्या. लॅपल त्याच कापडाची असेल तर तिचा रंग अंगाबरोबर बदललाच पाहिजे, आकार आणि घडी तेवढी राहते, ती वर सांगितल्याप्रमाणे राहतेच. पण लॅपल काळ्या साटनची असेल, टक्सिडोसारखी, तर ती मास्कमधून पूर्ण बाहेर काढा, पेन टूलनेच. आणि साटन आहे पण तीही मरून करायचीय म्हणाले, तर तिथे वेगळी अडचण येते, साटनवर लाइटची पांढरी चमक असते आणि Color मोड त्या चमकेला गुलाबी करून टाकतो, मग साटनऐवजी प्लॅस्टिक वाटतं. त्यासाठी लेयरवर डबल क्लिक करून Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा स्लायडर Alt दाबून फोडायचा, एक भाग 150 च्या आसपास, दुसरा 220 च्या आसपास. चमक पांढरीच राहते, कडा हळूहळू मरूनमध्ये जातात.

बटणं काढायला सोपी आहेत, Elliptical Marquee ने एकेक बटण घ्यायचं आणि मास्कवर काळं भरायचं. फक्त बटणाखाली जी चंद्रकोरीसारखी सावली पडलेली असते ती बटणाची नाही, कापडाची आहे. ती मास्कमधून बाहेर राहिली तर मरून ब्लेझरवर प्रत्येक बटणाखाली निळी रेघ दिसते, आणि मोठ्या प्रिंटमध्ये तर हमखास दिसते. बाहीवरची छोटी बटणं पण बघा, ती लोक विसरतात. पितळी बटणात आजूबाजूच्या कापडाचं प्रतिबिंब असतं, म्हणजे तुमच्या बटणांच्या कडेला थोडी निळसर झाक असणार. ती ठेवायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण मी तिथे मऊ ब्रशने मरून 20-30 टक्के येऊ देतो, कारण मरून कोटावरच्या बटणात निळं कुठून येणार? काजाचा धागा मात्र कापडाच्याच रंगाचा असेल तर त्याला रंगू द्या.

खरी कसोटी आहे ती पांढऱ्या शिलाईत. लॅपलच्या कडेने जे बारीक टाके दिसतात ते फोटोत दोन-तीन पिक्सेल रुंद असतात, ब्रशने एकेक टाका सोडवत बसलात तर सकाळ होईल आणि तरी नीट नाही होणार. शिवाय टाके मास्कमधून नुसते बाहेर काढले तर प्रत्येक टाक्याभोवती निळी किनार राहते. ही किनार तुमच्या हाताची चूक नसते, बहुतेक जेपीजीमध्ये उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्याने साठवतात आणि रंगाची कमी बारकाव्याने, त्यामुळे कापडाचा निळा शेजारच्या पांढऱ्या धाग्यावर थोडा सांडलेला असतोच.

म्हणून मी टाके सोडवत नाही. आधी टाक्यांसकट सगळं मरून होऊ देतो, टाके गुलाबी दिसतील, दिसू दे. मग मूळ फोटोची लेयर सिलेक्ट करून, वरचा ग्रुप बंद ठेवून, Channels मध्ये जायचं. तिथे Red चॅनल बघा, नेव्ही कापड जवळजवळ काळं दिसेल आणि पांढरे टाके लख्ख उठून दिसतील, कारण नेव्हीमध्ये लाल फार थोडा असतो. या Red ची कॉपी करा, Ctrl+L ने Levels उघडा, काळा स्लायडर 90 कडे आणि पांढरा 150 कडे ओढा, तुमच्या फोटोप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. टाके पांढरे आणि कापड काळं झालं की Ctrl दाबून त्या चॅनलच्या चित्रावर क्लिक, सिलेक्शन तयार, ते Select मेनूतून 1 पिक्सेलने Expand करा.

आता ग्रुप परत चालू करा आणि त्यात सगळ्यात वर अजून एक Solid Color टाका, धाग्याच्या रंगाची, म्हणजे अगदी फिकट मळकट पांढरी, R 235, G 232, B 224 सारखी, हिचाही मोड Color. सिलेक्शन चालू असताना लेयर घेतली की मास्क आपोआप लागतो. टाके परत पांढरे होतात, कारण त्यांचा उजेड कधी गेलाच नव्हता, फक्त वरचा रंग काढून घेतला. आणि Expand केलेल्या त्या एका पिक्सेलमुळे किनार राखाडी होते, ती गडद असल्यामुळे डोळ्याला कळत नाही. कापडावरची धूळ, अक्षता, फुलाची पाकळी असलं काही त्या सिलेक्शनमध्ये आलं असेल तर मास्कवर काळा ब्रश फिरवून फक्त लॅपलची कड ठेवा.

ही युक्ती बटणांना लावू नका बरं का. पितळात पिवळा, तपकिरी, हिरवट असे कितीतरी रंग असतात, वरून एकच रंग दिला की बटण रंगवल्यासारखं दिसतं. तिथे मास्कमधून बाहेर काढणं हाच मार्ग.

दोन जागा अजून तपासा. एक, शर्टची कॉलर आणि हनुवटीखालचा भाग. गडद असला तरी ब्लेझर थोडा निळा उजेड फेकतोच, पांढऱ्या शर्टवर तो दिसतो. तिथे ग्रुपच्या बाहेर Hue/Saturation घेऊन फक्त Blues चं Saturation कमी करा आणि मऊ ब्रशने तेवढ्याच जागी लावा. दुसरी जागा म्हणजे कार्यालयातल्या लाइटची बाजू. आपल्याकडे विश्रामबागच्या काय, मिरजेच्या काय, कुठल्याही हॉलमध्ये स्टेजवर एका बाजूने पिवळा लाइट आणि समोरून फोटोग्राफरचा पांढरा फ्लॅश असतो. खऱ्या कापडावर पिवळ्या बाजूचा खांदा थोडा तपकिरीकडे झुकलेला दिसला पाहिजे, पण आपण सगळीकडे एकच मरून दिलाय. लेयरची Opacity कमी करून हे सुटत नाही, उलट खालचा नेव्ही वर येऊन वांगी कलर होतो. त्यापेक्षा थोडा विटकरी मरून दुसऱ्या लेयरवर घ्या आणि ग्रेडियंट मास्कने त्या खांद्याकडून आत विरत आणा.

झालं की एक टेस्ट करा. सगळ्यात वर 50 टक्के राखाडी Solid Color टाका, मोड Color. पूर्ण फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसेल. आता खालचा मरूनचा ग्रुप चालू-बंद करत राहा. नुसता Color मोड असेल तर चित्र जवळजवळ हललंच नाही पाहिजे. कुठे घडी पुसट झाली, टाका जाड झाला, बटणाची कड सरकली तर तिथे तुम्ही नकळत उजेड बदललाय, कुठल्यातरी लेयरचा मोड Normal राहिला असेल किंवा मूळ लेयरवरच ब्रश लागला असेल. 

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपिया उघडा, फुकट आहे, Color मोड, लेयर मास्क, चॅनल सगळं आहे आणि पीएसडी फाइल पण उघडते.

आता उद्या घरचे म्हणतील की एवढं जमलं तर क्रीम कलर पण करून बघ की. तिथे स्पष्ट नाही म्हणा. क्रीमचा उजेड 215 च्या आसपास, आपला नेव्ही 43 वर, म्हणजे नुसता रंग बदलून भागत नाही, उजेड 170 ने वर ओढावा लागतो. नेव्हीच्या सगळ्या चुण्या, घड्या, सावल्या समजा 15 ते 70 मध्ये कोंबलेल्या आहेत, त्या ताणल्या की मधल्या पायऱ्याच नसतात, पट्टे पडतात, नॉइज वर येतो आणि खऱ्या क्रीम कापडावर सावली जशी मऊ पडते तशी येत नाही. पांढरे टाके तर क्रीमवर तसेही हरवणार. रॉ फाइल असेल तर थोडं फार ओढता येतं, पण मोबाइलच्या किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तर नकोच. बॉटल ग्रीन, वाइन, चॉकलेटी, गडद जांभळा हे रंग याच पद्धतीने होतील, फक्त रंग निवडताना वरचं 30-59-11 चं गणित करून उजेड 40 ते 50 मध्ये बसतोय का बघा.

लॅबला पाठवताना पीएसडी स्वतःकडे ठेवा आणि जेपीजी sRGB मध्ये द्या. मरून प्रिंटला थोडा काळपट येतो, म्हणून आधी एक छोटी 4×6 ची प्रिंट काढून शालूच्या फोटोशेजारी धरून बघा आणि मगच अल्बमचं पान फायनल करा.