करार एआयनं वाचला, आता वकिलानं काय बघायचं?

"दुकानासाठी गाळा भाड्यानं घेतोय. 24 पानांचा करार एआयला दिला, 'मोठी अडचण दिसत नाही' असं उत्तर आलं. मग वकिलाला कशासाठी दाखवायचा?"

मी भाडेकरारांचंच काम करतो. असाच सारांश छापून घेऊन एक दुकानदार माझ्याकडे आला होता. त्यात लिहिलं होतं, दोघांपैकी कुणीही तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकतो. कलम 14 मध्ये तसं होतंही. पण त्या कलमाची सुरुवात होती 'कलम 4 च्या अधीन राहून', आणि कलम 4 सांगत होतं की पहिले 36 महिने भाडेकरूला गाळा सोडता येणार नाही, सोडला तर उरलेल्या मुदतीचं भाडं भरावं लागेल. आठ महिन्यांत धंदा बसला असता तर 28 महिन्यांचं भाडं अंगावर. मालक मात्र तीन महिन्यांत मोकळा.

एआयनं कलम 4 वाचलंच नव्हतं असं नाही. सारांशात ते 'किमान मुदत' म्हणून वेगळ्या ओळीत होतं. दोन कलमं एकमेकांना कशी अडवतात, तेवढं सुटलं होतं. म्हणून करार देऊन नुसतं "ठीक आहे का?" विचारू नका. गाळा सोडण्याशी संबंधित प्रत्येक वाक्य कलम क्रमांकासह जसंच्या तसं मागा. 'च्या अधीन राहून' आणि 'काहीही असले तरी' हे शब्द जिथे येतात ती कलमं वेगळी काढायला सांगा. मग ती वाक्यं मूळ फाइलमध्ये स्वतः शोधा. शब्दशः सापडलं नाही, तर ते वाक्य करारातलं नाही, एआयनं रचलेलं आहे. मोबाइलवर फोटो काढून करार चढवला असेल तर आकडे आणि समासात हातानं केलेल्या दुरुस्त्या डोळ्यांनीच ताडून बघा.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: करारात उल्लेख आहे, पण समोर आलेला नाही, असा कोणता कागद आहे? या दुकानदाराच्या बाबतीत 'परिशिष्ट ब' निघालं. देखभाल खर्चाची वाटणी त्यात होती आणि ते त्याला कुणी दिलंच नव्हतं. मागवलं तर छपराच्या दुरुस्तीतला वाटाही भाडेकरूवर, आणि त्याला वरची मर्यादा नाही. हे एआयमुळेच सापडलं, ते श्रेय त्याचं.

वकिलाचं काम कागदाबाहेर सुरू होतं. सही करणारा खरंच मालक आहे का? सहमालक असतील तर त्यांची संमती आहे का? मुखत्यारपत्रावर सही होणार असेल तर त्या पत्रात भाड्यानं देण्याचा अधिकार आहे का? जागा आधीच कर्जापोटी गहाण असेल आणि कर्ज देणाऱ्याची संमती नसेल, तर कर्ज थकल्यावर तुमचा करार त्याच्यापुढे टिकेलच असं नाही. यातलं काहीच त्या 24 पानांत दिसत नाही. नोंदी काढून बघाव्या लागतात.

दुसरं, कराराच्या वर तिथला कायदा असतो. ते 28 महिन्यांचं भाडं पूर्ण वसूल होईल, की मालकानं आधी नवा भाडेकरू शोधायला हवा, हे जागेच्या कायद्यावर ठरतं. घरमालकांनाही हे लागू आहे. 'भाडं थकल्यास मालक कुलूप बदलू शकेल' हे कलम तयार नमुन्यांत सर्रास असतं, पण अनेक ठिकाणी भाडेकरूनं सही केली असली तरी असं परस्पर बाहेर काढणं बेकायदा ठरतं. एआय इथे आत्मविश्वासानं भलत्याच ठिकाणचा नियम सांगू शकतो. आधार म्हणून निवाड्याचं नाव दिलं, तर तो निवाडा उघडून वाचल्याशिवाय मानू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना 5,000 डॉलरचा दंड झाला. ते तर वकील होते.

तेव्हा वकिलाकडे जाताना अख्खा करार "बघा जरा" म्हणून टेकवू नका. काढलेली कलमं, गहाळ कागदांची यादी आणि मालकानं तोंडी दिलेली वचनं लिहून न्या. 'हाच संपूर्ण करार' अशा अर्थाचं कलम असेल तर तोंडी कबूल केलेलं बहुधा हातचं जातं, आणि तोंडी काय ठरलं ते एआयला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

त्या दुकानदाराची 36 महिन्यांची अट आम्ही 12 वर आणली. सहीच्या दिवशी छापील प्रत तपासलेल्या मसुद्याशी ओळीनं ओळ लावून बघितली. कलम 4 मध्ये 12 झालं होतं, पण नुकसानभरपाईच्या कलमात 36 तसंच राहिलं होतं. खोडून, दोघांच्या लघुसह्या घेऊन मगच पुढे गेलो.