एका प्लेट कांदेपोह्यांचा खर्च

ताई, ठाण्यात पोह्यांची ऑर्डर घेताय, तर आधी पाकिटाची किंमत ग्रॅमवर आणा. 500 ग्रॅम पोहे 40 रुपयांना, म्हणजे ग्रॅमला 8 पैसे. 600 ग्रॅमच्या घाण्याला 48 रुपये.

कांद्यात मात्र फसायला होतं. जांभळी नाक्यावरून 30 रुपये किलोने आणला आणि सोलून 900 ग्रॅमच उरला, तर 30 ला 900 ने भागायचं. 400 ग्रॅम चिरलेल्या कांद्याचे 13 रुपये 30 पैसे होतात. सालं काढल्यावर एकदा तरी वजन कराच.

तेलाची पिशवी लिटरची, आपला काटा ग्रॅमचा. लिटरभर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. पिशवी 150 ची असेल तर 100 ग्रॅमचे साडेसोळा रुपये, पंधरा नव्हे.

शेंगदाणे, मिरची, कोथिंबीर, फोडणी धरून घाणा समजा 95 रुपयांना पडला. दहा प्लेटा धरल्या तर साडेनऊ रुपये. पण डाव सैल पडून नऊच निघाल्या तर साडेदहाच्या वर. म्हणून भागाकार ठरवलेल्या नव्हे, प्रत्यक्ष भरलेल्या प्लेटांनी करा. गॅस आणि डबा यात नाहीत, ते वेगळे लावा.