गेन वाढवला की पोल उजवीकडे का सरकतात

प्रश्न: "मोटरच्या पोझिशन कंट्रोलचं ट्रान्सफर फंक्शन काढलं. एकही पोल उजव्या बाजूला नाही. तरी गेन वाढवला की शाफ्ट हेलकावे खात सुटतो. असं का?"

तुम्ही पाहताय ते ओपन लूपचे पोल. फीडबॅक जोडला की सिस्टिमचे पोल बदलतात. क्लोज्ड लूपचं ट्रान्सफर फंक्शन G/(1+G) असतं, म्हणून नवे पोल 1+G = 0 सोडवून मिळतात आणि त्यात गेन K येतोच.

आकडे घेऊन बघू. मोटर K/(s(s+1)) धरा. समीकरण होतं s² + s + K = 0. K एक चतुर्थांशाच्या वर गेला की दोन्ही पोलचा वास्तव भाग −0.5 वर अडकतो. K आणखी वाढवा, हेलकावे जलद होतील, पण विरण्याचा वेग तोच राहील. कागदावर ही मोटर कधीच अस्थिर होत नाही.

आता सेन्सरचा गोंगाट कमी करायला आपण फिल्टर लावतो. तो −5 वर आणखी एक पोल आणतो:

G = 5K/(s(s+1)(s+5))

s³ + 6s² + 5s + 5K = 0

इथे s² चा सहगुणक 6 आहे आणि त्यात K नाही. म्हणजे तिन्ही पोलची बेरीज कायम −6. K वाढला की फिल्टरचा पोल डावीकडे पळतो, आणि बेरीज तीच राहायची तर उरलेल्या जोडीला उजवीकडे सरकावंच लागतं. मला स्वतःला हे राऊथच्या तक्त्यापेक्षा याच बेरजेतून नीट उमगलं.

```
import numpy as np
for K in (2, 6, 10):
    print(K, np.roots([1, 6, 5, 5*K]))
```

K = 2 ला जोडी साधारण −0.29 ± j1.33 वर असते. हेलकावे विरतात, पण सावकाश. K = 6 ला ती बरोबर उभ्या अक्षावर, ±j2.24 वर येते: सुमारे 2.8 सेकंदांचा झोका, ना वाढत ना विरत. K = 10 ला वास्तव भाग +0.22 च्या आसपास, म्हणजे दर सव्वातीन सेकंदांनी झोका दुप्पट.

प्रयोगशाळेत मात्र तो दुप्पट होत राहिलेला दिसणार नाही. ड्रायव्हर ठरावीक व्होल्टेजच्या वर देऊच शकत नाही, त्यामुळे झोका वाढून एका मापावर थांबतो. मीही एकदा तसा स्थिर झोका बघून "गेन अगदी सीमेवर आहे" असं जर्नलमध्ये लिहून बसलो होतो. गेन थोडा कमी करून शाफ्टला हलका धक्का द्या. झोका विरला तर सीमा जवळ होती; पुन्हा वाढून एका मापावर टिकला तर पोल अजून उजवीकडेच आहेत.

तुमचा फिल्टरचा पोल कुठे आहे ते आधी तपासा. तो −5 ऐवजी −50 वर नेला, तर सीमा K = 6 वरून 51 वर जाते; गोंगाट तेवढा जास्त सोसावा लागेल.