‘वारकन्या’ नाही हो, वारकऱ्या!

प्रश्न : पंढरपूरच्या वारीच्या जुन्या पत्रकाचा फोटो काढून मोबाईलवर इंग्रजी केलं, त्यात ‘वारकन्यांना जेवण’ असं वाचून ‘मुलींना जेवण’ आलंय. वारीतल्या मुलींना पूर्वी वारकन्या म्हणायचे का?

नाही, असा शब्दच नाहीये! पत्रकात ‘वारकऱ्यांना’ असणार, फोटो वाचताना ऱ्य चा न्य झाला. आमच्या सोलापुरात तर आता लोकांनी फॉरवर्ड केलेल्या मजकुरात शेतकन्या, अधिकान्यांनी, दुसन्या असलं रोज दिसतं, आणि कुणाला खटकत नाही याचाच मला संताप येतो.

होतं काय, य ला डावीकडून चिकटलेला तो छोटा वळसा म्हणजे अर्धा र, आणि अर्धा न सुद्धा तिथंच चिकटलेली आडवी रेघ, फक्त टोकाला गाठ असलेली. शाई पसरली किंवा फोटो हलला की दोन्ही सारखेच. त्यात हिंदीत हा वळसा नाहीच, त्यामुळे हिंदीच जास्त वाचून तयार झालेलं मशीन ओळखीचा न्य धरतं.

काही जाणकार म्हणतात हा वळसा नुसती हौस आहे, रफार दिला तरी कळतं. मला हे साफ अमान्य आहे. दर्या म्हणजे समुद्र, फारसी दरिया वरून आलेला, आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. ही दरी संस्कृतातली, दॄ म्हणजे फाडणे या धातूची, विदारक, विदीर्ण ही तिचीच भावंडं, म्हणजे दरी म्हणजे जमीन फाटलेली जागा, किती चपखल! आता मोठ्याने म्हणून बघा : दर्या म्हणताना द वर जोर येतो, दऱ्या म्हणताना येत नाही, म्हणून वृत्तात पहिल्यातला द गुरू, दुसऱ्यातला लघु. कानाला कळतं ते कागदावर नको म्हणणारे हे कोण?

तुमच्या पत्रकाचं सांगायचं तर इंग्रजी करण्याआधी मराठी मजकुरात ‘न्य’ शोधा, आणि तिथं री किंवा रा ने संपणारा शब्द बसतो का बघा, वारकरी, व्यापारी, दुसरा. ‘न्ह’ पण शोधा, वऱ्हाडचं वन्हाड आणि कुऱ्हाडीचं कुन्हाड होतं. सगळे न्य एकदम बदलू नका, नाहीतर धान्य, मान्यता, न्यायालय यांचीही वाट लागेल. दुरुस्त करताना ऱ (U+0931), हलन्त, मग य असं टाइप करा, साधा र घेतलात तर रफार येतो.

जिथं दोन्ही शब्द खरे असतात तिथं मात्र शब्दकोशही वाचवत नाही. माझ्या मावशीच्या पाककृतींच्या वहीत ‘सोऱ्याने चकल्या पाडाव्यात’ होतं, फोटोतून आलं ‘सोन्याने’, आणि भाचीने ते इंग्रजीत गोल्ड म्हणून पुढे पाठवलंसुद्धा. तिथं वही उघडून त्या वळशाच्या टोकाला गाठ आहे का एवढंच बघावं लागलं. नव्हती.